मदत हवी आहे: काकडी देठाकडे कडू का लागते आणि कमी कसं करायचं?

वेलवेडी: नमस्कार मंडळी, कुंडीत काकडीचे दोन वेल लावलेत. पहिल्या 5-6 काकड्या मस्त निघाल्या, मग मधे चार दिवस ऊन कडक होतं, मी घरी नव्हते आणि पाणी नीट पडलं नाही. त्यानंतर आलेली प्रत्येक काकडी देठाकडून कडू. काल एक काकडी चकत्या करून दोन्ही टोकांकडून चाखत गेले. शेंड्याकडची चकती अगदी छान, मधली पण ठीक, पण देठाकडच्या पहिल्या दोन-तीन चकत्या अशा की जीभ आकसली, आणि त्यातही सालीलगतचा हिरवा भाग जास्त कडू, बियांकडचा गर तेवढा नाही. वेलात काही दोष आहे का? आणि कापताना काय करायचं?

जुनाखोड: ताई, देठ कापायचं, कापलेला तुकडा त्याच जागेवर गोल गोल घासायचा, पांढरा फेस येतो, तो धुवून टाकायचा. सगळा कडूपणा त्या फेसातच असतो. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या असंच करतात, कधी कडू लागली नाही.

परसबाग_22: वेल दुधी किंवा भोपळ्याजवळ लावलाय का? परागीकरण मिसळलं की फळ कडू होतं असं ऐकलंय. माझ्या दुधीला तर नुसती नर फुलंच येतायत, फळ धरतच नाही, त्यावर काही उपाय आहे का कुणाकडे?

मातीतला: परसबाग, त्या नर फुलांसाठी वेगळा धागा काढा, इथे ते हरवून जाईल. पण परागीकरणाचं म्हणाल तर तसं होत नाही. गर आणि साल आईवेलाचीच असते, पराग कुणाचाही आला तरी ह्या फळाची चव तीच राहते. आणि काकडीचा दुधी-भोपळ्याशी संकर होतही नाही. कडू जातीच्या काकडीचा पराग पडला तर फरक बियांत उतरतो, म्हणजे त्या बियांपासून पुढच्या वेळी लावलेल्या वेलांत.

वेलवेडी ताई, कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यामुळे येतो, किडींनी आणि जनावरांनी खाऊ नये म्हणून वेल ते बनवतो. पानं, खोड, मुळं ह्यांत ते एरवीही असतं, पान चावून बघा, कडू लागेल. चांगल्या जातीच्या फळात ते बनणं जवळजवळ बंद असतं, पण पाणी तुटलं, ऊन तापलं, किंवा गरम-गार असा हवेत मोठा फरक पडला की तिथेही बनायला लागतं आणि देठाकडे व सालीखाली जास्त साठतं. तुम्ही चकत्या चाखून जे सांगितलंत ते ह्याला तंतोतंत जुळतं. वेल बिघडलेला नाही. फूल फळल्यापासून काकडी काढेपर्यंत साधारण 8-10 दिवस जातात, म्हणजे त्या चार दिवसांत जी वाढत होती तिला फटका बसला. आता वरची माती कोरडी वाटली की लगेच पाणी द्या, मातीवर वाळक्या पानांचा थर टाका, म्हणजे नवी फळं सुधारतील.

कापताना आधी देठाकडचा 2-3 सेंटीमीटर भाग टाका. मग शेंड्याकडून देठाकडे अशी साल काढा आणि जरा जाड काढा, कारण कडू भाग सालीच्या लगेच खाली असतो. उरलेल्यावर मीठ लावलं तर जिभेला कडू कमी लागतं, पण ते द्रव्य कुठे जात नाही. शिजवूनही जात नाही.

जुनाखोड: दादा, मग फेस कसला? डोळ्यांनी दिसतो ना.

मातीतला: फेस खराच आहे काका, कापल्यावर निघालेला रस घासून फेसाळतो. कडू द्रव्य थोडं त्यात येतही असेल. पण ते पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे आतल्या गरातलं घासून कसं निघेल ते मला पटत नाही. मला वाटतं घासण्यापेक्षा देठ कापलं गेलं ह्याचाच फायदा होतो.

एक मात्र सांभाळा. सगळी काकडी शेंड्यापर्यंत कडू जहर लागली तर मीठ-बीठ करत बसू नका, फेकून द्या. अशी जास्त खाल्ली तर उलट्या-जुलाब होतात. आणि पुढच्या वेळी कडू न होणारी जात मिळाली तर रोप उगवल्यावर पहिल्या जाड पानाचा नखाएवढा तुकडा चाखून थुंकून टाका. तोच कडू नसेल तर त्या वेलाची काकडी ऊन-पाण्याने कडू होत नाही.

वेलवेडी: आज करून बघितलं. सारख्याच दोन काकड्या, एकीचं देठ कापून चांगलं दोन मिनिटं घासलं, दुसरीचं नुसतं कापून टाकलं. साल दोन्हींची जाड काढली. दोन्ही खाण्यासारख्या झाल्या, मला फरक कळला नाही, सासूबाई म्हणतात घासलेली जास्त चांगली, पण कुठली घासलेली ते त्यांना आधीच माहीत होतं. उद्या न सांगता देऊन बघते.

जुनाखोड: नक्की कळवा.