मदत हवी आहे: लेखिकेच्या गप्पांसाठी कॅप्शन

आमच्या तालुक्याच्या ग्रंथोत्सवात रविवारी संध्याकाळी ५ वाजता ऊसतोडीवर लिहिणाऱ्या एका लेखिकेशी गप्पा आहेत. इन्स्टाग्रामवर कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकी दाबल्यावर उघडतं. तिथे मी आधी लेखिकेचं नाव आणि पुरस्कार लिहिले होते, पण नाव इथे फारसं कुणाला माहीत नाही. म्हणून आता असं केलंय:

“फडावर नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजतात. त्या हिशेबात बाईची मजुरी कुठे जाते? फडातच वाढलेल्या लेखिकेकडून ऐकू या. रविवार, सायं. ५, वाचनालयाचं सभागृह, पहिला मजला. प्रवेश विनामूल्य, जागा ८०, आधी येणाऱ्यास प्राधान्य.”

नाव फोटोवर ठळक आहे. अडचण शेवटच्या वाक्याची आहे. गेल्या वर्षी नुसतं ‘प्रवेश विनामूल्य’ लिहिलं आणि लांबच्या गावांतून आलेल्या वीसेक जणांना दारातून परतावं लागलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. जागांची मर्यादा पहिल्याच ओळीत आणू का? की त्याने लोक आधीच कचरतील? फोनवर नावं घेतली तर ‘४.४५ पर्यंतच जागा राखीव’ हे थोडक्यात कसं लिहाल? आणि हो, सभागृहाला लिफ्ट नाही. ज्येष्ठांसाठी तेही लिहावंच ना?