‘मूल्यमापन करा’ विचारलं आणि पोरीनं वर्णन लिहिलं. १६ पैकी किती?

तासिकावाली, नागपूर
बी.ए.च्या उत्तरपत्रिका तपासतेय. प्रश्न १६ गुणांचा: ‘१९५३ च्या नागपूर कराराचे मूल्यमापन करा.’ एका मुलीनं चार पानांत पार्श्वभूमी आणि जवळजवळ सगळी कलमं बिनचूक लिहिली आहेत. शेवटी एकच ओळ: ‘अशा प्रकारे हा करार विदर्भासाठी महत्त्वाचा होता.’ मी ७ दिलेत आणि तेव्हापासून मन खातंय. बरोबर केलं का?

बर्डीवाला
७? अहो मॅडम, पोरीला अकराच्या अकरा कलमं पाठ आहेत! आमच्याकडले निम्मे पोट्टे ‘करार म्हणजे विदर्भाची फसवणूक’ एवढं लिहून दोन पानं भरतात. माहिती बरोबर असेल तर १२ च्या खाली जाऊच नये. पेपर काढणारा ‘चर्चा करा’, ‘विशद करा’, ‘मूल्यमापन करा’ हे शब्द आलटून पालटून टाकतो, बस. पोट्ट्यांनी काय शब्दकोश घेऊन बसायचं?

निवृत्त मॉडरेटर
पेपर काढणारे शब्द बेफिकिरीनं टाकतात, हे खरं. पण याच प्रश्नात तो शब्द काढून पाहा. ‘वर्णन करा’ असतं तर कलमं नीट लिहिली की काम झालं. ‘चर्चा करा’ म्हटलं की करारामुळे विदर्भाला काय मिळालं आणि काय अडलं, या दोन्ही बाजू समोरासमोर यायला हव्यात. पारडं कुठे झुकतं हे न सांगताही बऱ्यापैकी गुण मिळतील. मूल्यमापनाला मात्र माप लागतं. इथे ते करारातच आहे: कबूल काय केलं आणि झालं काय.

मॅडम, तिचं उत्तर पुन्हा वाचा आणि जिथे जिथे तिनं ही तुलना केलीय तिथे समासात पेन्सिलीची रेघ मारा. नुसता शेवट पाहू नका. चांगल्या मुलांचं मूल्यमापन कित्येकदा वर्णनाच्या पोटात दडलेलं असतं.

प्रश्नचिन्ह
मूल्यमापन म्हणजे गुण-दोष दोन्ही लिहायचे आणि समारोप करायचा. समारोप नाही तर अर्धे गुण कापा. सोपं आहे.

निवृत्त मॉडरेटर
अर्धं बरोबर. गुण-दोषांच्या दोन याद्या शेजारी ठेवल्या तर ती फार तर चर्चा होते. आणि मागे काही नसलेला समारोप म्हणजे तिची ती शेवटची ओळ. ‘महत्त्वाचा होता’, पण कशावरून? बर्डीवाल्यांनी सांगितलेली ‘फसवणूक’वाली दोन पानंही त्याच मापानं पडतात. निकाल आहे, पुरावा नाही. मी तिथे ५ च्या वर गेलो नसतो.

फोटोकॉपीवाला
म्हणजे मला ‘चर्चा करा’ला ६ का मिळाले ते आज कळलं! पण माझ्या पेपरात मराठीत ‘वर्णन करा’ होतं, इंग्रजीत ‘डिस्कस’. मी मराठी वाचून लिहिलं. पुनर्मूल्यांकनात गुण वाढतील का?

तासिकावाली
वाढतील का ते मी नाही सांगू शकत. पण मुद्दा मोठा आहे.

रेघा मारल्या. तीन निघाल्या! अधिवेशनाच्या कलमाखाली तिनं लिहिलंय: ‘सरकार ठरावीक काळ नागपुरास हलवायचे होते, प्रत्यक्षात ते अधिवेशनापुरतेच येते.’ दुसरीकडे, करार हा नेत्यांमधला असला तरी १९५६ मध्ये संविधानाच्या कलम ३७१(२) मुळे समतोल विकासाच्या आश्वासनाला आधार मिळाला, असं आहे. तिसरी रेघ निधीवर: समन्यायी वाटप झालं असतं, तर १९८४ मध्ये दांडेकर समितीला अनुशेष मोजावा लागला नसता. मी हे कलमांच्या ओघात वाचून पुढे गेले होते.

निवृत्त मॉडरेटर
मग ७ कमी आहेत. तीन ठिकाणी कबूल-विरुद्ध-झालं आहे आणि प्रत्येकाला पुरावा आहे. एकत्र बांधलेला निकाल नाही, म्हणून वरचे चार-पाच गुण राखा. मी ११ दिले असते.

बर्डीवाला
पाहा, मी १२ म्हणतच होतो!

निवृत्त मॉडरेटर
तुम्ही पाठांतरासाठी म्हणत होता. या तीन रेघा नसत्या तर माझे ८.

प्रश्नचिन्ह
आणि आदर्श उत्तरात ‘तरतुदी: १० गुण’ असं छापलेलं असेल तर? तुमचे ८ कुठे बसवणार?

निवृत्त मॉडरेटर
तर ती आखणीच प्रश्नाशी विसंगत आहे. मी मुख्य परीक्षकाला लिहून कळवलं असतं. फोटोकॉपीवाल्यांसारखी दोन भाषांची गफलत असेल तर दोन्ही अर्थांची उत्तरं ग्राह्य धरायची, पण सगळ्या गठ्ठ्यांना एकच नियम. एकट्या परीक्षकानं आपल्यापुरतं ठरवलं तर शेजारच्या टेबलावरच्या पोरावर अन्याय होतो.

प्रश्नचिन्ह
कळवून उत्तर येईपर्यंत गठ्ठे परत गेलेले असतात, सर.

तासिकावाली
तिचे ११ केले. आता आधीच्या चाळीस उत्तरपत्रिका पुन्हा काढतेय. त्यांतही रेघा निघाल्या तर?