केळं पिकताना नक्की काय होतं? घरचे अनुभव सांगा

घोडबंदरची_लेक: बाबांना शुगर आहे. आई म्हणते गोड लागत नाही म्हणजे साखर नाही, हिरवट केळं कितीही खा. म्हणून एकाच डझनातलं एकेक केळं काही दिवसांच्या अंतराने कापून चकतीवर टिंक्चर आयोडीन पातळ करून टाकलं. हिरव्याची चकती सगळी काळीनिळी झाली, पिवळ्याची मधेच फिकट आणि कडेला काळी, आणि ठिपकेवाल्यावर आयोडीनचा तपकिरी रंग तसाच राहिला. अजून कोणी करून बघितलंय का?

वाशीमार्केटवाला: मी केळी पिकवणीच्या धंद्यात आहे. काळं दिसलं तो स्टार्च. इथिलीन लागलं की केळ्यातलेच एन्झाइम तो तोडायला लागतात, सुरुवात गाभ्यापासून, म्हणून तुमची चकती मधून फिकट झाली. कच्च्यात शंभर ग्रॅम गराला साधारण 20 ग्रॅम स्टार्च असतो, पूर्ण पिकलं की एखाद-दोन ग्रॅम उरतो आणि बाकीची साखर होते. म्हणजे पिठूळ कार्ब गोड झाले, एकूण आकडा फारसा हलत नाही. आईंना सांगा, कितीही खा हे काही खरं नाही.

कोपरीकर: मग फरक काय पडला? कॅलरी तेवढीच ना!

वाशीमार्केटवाला: पचनात पडतो हो. कच्च्यातला बराच स्टार्च लहान आतड्यात पचतच नाही, पुढे मोठ्या आतड्यात जातो, तिथले जंतू तो खातात. त्यामुळे रक्तात साखर हळू चढते आणि कॅलरीही थोडी कमी लागू होते.

आजी_नेरुळ: आमच्याकडे कच्च्या केळ्याची भाजी असते गं नेहमी, म्हणजे माझी शुगर आटोक्यात राहणार!

वाशीमार्केटवाला: आजी, शिजवलं की तो स्टार्च फुगून मऊ होतो आणि मग बराचसा पचतो. भाजी छानच आहे, पण ताटात भात असतो तसा तिचा हिशोब धरा.

कळवा_नाका: माझा अनुभव वेगळा, एका गाडीवरून पिवळीधमक घेतली, आत कडक आणि जीभ तुरट, मुलाचं पोट फुगलं ते वेगळंच. हे वाचून आयोडीन टाकलं तर आख्खी चकती काळी! साल पिकली, आत काहीच नाही. आता फ्रीजमध्ये ठेवलीत, पिकतील ना?

कोपरीकर: फ्रीजमध्ये साल काळी होते म्हणजे आत जोरात पिकतंय.

वाशीमार्केटवाला: उलटं आहे दादा. 13 डिग्रीच्या खाली सालीला थंडी बाधते म्हणून ती काळी पडते, आतलं काम मात्र मंदावतं. बाहेर काढा. तरी ती नीट गोड होतील याची गॅरंटी नाही, बहुतेक घड कोवळाच उतरवला असणार.

घोडबंदरची_लेक: बाबांना काल अर्धं हिरवट दिलं, दोन तासांनी मीटर नेहमीपेक्षा कमी आलं, पण आधी पोहे खाल्ले नव्हते त्यामुळे श्रेय केळ्याचं का पोह्यांच्या गैरहजेरीचं कळेना. उद्या ठिपकेवालं अर्धं देऊन बघते, पोहे परत बंद. आई चिडलीये.