विज्ञान प्रदर्शनाला आलेल्या पालकांसमोर बाई काय बोलल्या? अनुभव सांगा

कोथरूडची बाई: आमच्याकडे पहिली ते चौथीचं प्रदर्शन २८ फेब्रुवारीला आहे आणि पालकांचं स्वागत माझ्या गळ्यात पडलंय. जुनं भाषण हाताशी आहे, पण "आजच्या या मंगलप्रसंगी" वाचूनच जांभई आली. तुमच्याकडे कोण काय बोललं ते लिहा ना.

सिंहगड रोड: बरीच वर्षं हेच करतेय. दोन मिनिटं, बास. पोरं टेबलामागे ताटकळलेली असतात, कुणाचं व्हिनेगर आधीच सांडलेलं असतं. स्वागत एका वाक्यात उरका आणि पालकांनी टेबलासमोर काय करायचं ते सांगा. मी असं काहीसं बोलले होते: "नमस्कार आईबाबा, आजीआजोबा, या. चौथीच्या टेबलावर चार लिंबं आहेत, प्रत्येकात तांब्याची तार आणि जस्ताचा मुलामा दिलेला खिळा खोचलाय. लाल दिवा मिणमिणताच लागेल, हाताचा आडोसा करून बघा. नाही लागला तर वायरला हात लावू नका. 'आता काय करून बघशील?' एवढं विचारा आणि गप्प थांबा."

एका लिंबातून जेमतेम ०.९ व्होल्ट मिळतात आणि लाल एलईडीला पावणेदोन-दोन तरी लागतात, म्हणून दोन लिंबांवर भरवसा नाही, चार जोडायची. तर त्या दिवशी तार निसटली, पोरीने परत लावली पण एलईडीचे पाय उलटे लागले, दिवा ढिम्म. एक बाबा सरसावले, मग भाषण आठवलं असावं, हात मागे घेऊन त्यांनी तोच प्रश्न विचारला. तिने आधी लिंबं दाबून पाहिली, मग खिळे हलवले, शेवटी पाय फिरवले. लागला!

पेठेतला आजोबा: २८ फेब्रुवारी म्हणजे सी. व्ही. रामन यांचा वाढदिवस, त्यावर दोन वाक्यं हवीतच.

नारायणगावकर: आजोबा, तारीख बरोबर पण वाढदिवस ७ नोव्हेंबरचा. १९२८ साली २८ फेब्रुवारीला रामन परिणामाचा शोध लागला म्हणून तो विज्ञान दिन. आमच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवरही त्याच सुमाराला प्रदर्शन भरतं.

तिसरीचा बाबा: भाषणाचं सोडा हो, प्रोजेक्ट कोण करतं ते विचारा!! आमचा ज्वालामुखी मी रात्री एकपर्यंत बसून केला, सोडा आधीच घालून ठेवला तर लेकाने घरीच व्हिनेगर ओतून संपवला, सकाळी दुकानं बंद, काय करायचं माणसाने?

सिंहगड रोड: डोंगर तुमचा असू दे, ओतू त्याला द्या. सोड्याच्या पुड्या वेगळ्या बांधून द्यायच्या, दर खेपेला एक.

कोथरूडची बाई: मग भाषणात म्हणू का, की मॉडेल मुलांनीच केलेलं हवं?

हडपसर, दुसरीची आई: नको, सगळ्यांसमोर टोचतं. ते आधी चिठ्ठीतून कळवा.

सिंहगड रोड: मी तर म्हणते माईकवरून, पण हसत. चिठ्ठी दप्तरातच राहते.