खिशातले १,८०० रुपये घालून रोकड जुळवली. सचोटीचे गुण किती द्यायचे?

उद्यमबाग_वर्कशॉप: बेळगावात उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. हिशोबाला एकच मुलगी, चार वर्षं झाली. वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मवर चार रकाने आहेत: अचूकपणा, महिनाअखेर वेळेत, कर आणि नियम, पैशाबाबत सचोटी. प्रत्येकाला दहापैकी गुण. ऑगस्टअखेर पेटीत १,८०० कमी आले, तर तिने स्वतःच्या खिशातले घालून रोकड जुळवली. ९ सप्टेंबरला चूक सापडली. टेंपोचं भाडं ६,४८० दिलं होतं आणि रोजकीर्दीत ४,६८० लिहिलं होतं. नोंद दुरुस्त करून तिने आपले १,८०० परत घेतले, हे परवा बोलता बोलता तिनेच सांगितलं. शिवाय ऑगस्टचा टीडीएस ७ च्या ऐवजी ८ सप्टेंबरला भरला गेला, म्हणून वेळेचे ६ दिलेत. सचोटीला काय देऊ?

निपाणीकर_कॅशियर: दहापैकी दहा! यात विचारायचं काय ओ? पतसंस्थेच्या काउंटरवर मी ३१ वर्षं काढली. संध्याकाळी रोकड कमी आली की कॅशियरने भरायची, हाच नियम. दोनदा माझ्या पगारातून गेलेत, एकदा ५०० आणि एकदा २,०००. कंपनीचं नुकसान होऊ नये म्हणून जिने पदरचे घातले, तिच्या सचोटीवर शंका घेणं मला पटत नाही.

टिळकवाडी_ऑडिट: काका, तुम्ही भरलेत ते खरं, पण तुमच्या संस्थेत त्या दिवशी ‘रोकड कमी’ अशी नोंद झाली असणार, मॅनेजरची सही झाली असणार आणि मग वसुली. या मुलीने नोंदच केली नाही. फरक तिथं आहे.

३१ ऑगस्टला काय झालं ते बघा. भाडं १,८०० ने कमी लिहिल्यामुळे वहीतली शिल्लक १,८०० ने जास्त दिसत होती. पेटीत तेवढे कमी. तिने आपले घातल्यावर दोन्ही आकडे जुळले. त्या दिवशी कोणी पेटी मोजली असती तर ‘बरोबर’ म्हणून सही केली असती आणि ती सही खोटी ठरली असती. पुढे ९ तारखेला तिने पेटीतून १,८०० काढले, त्याचाही कागद नाही. ते तिचेच होते हे आपण तिच्या शब्दावर मानतोय. मीही मानतो. पण उद्या भांडण झालं आणि कोणी म्हणालं की हिने पेटीतून पैसे उचलले, तर तिच्या हातात दाखवायला काही नाही. माझ्याकडून सचोटीला ४.

खानापूर_किराणा: नोकरांच्या पगारातून कापायचं की नाही हा प्रश्न आमच्याकडेही येतो. मी कापत नाही. पण तुमची चूक वेगळी असू शकते. माझ्याकडे हमालांच्या पावत्या कन्नड आकड्यांत येतात. मुलाने कन्नडमधला ६ हा ९ वाचला आणि ३०० चा घोळ झाला. ती पावती पुन्हा बघा.

टिळकवाडी_ऑडिट: ६ चा ९ वाचला तर फरक ३, ३०, ३०० असा पडतो. तुमचे ३०० त्यातलेच. १,८०० तसा पडणार नाही. शेजारचे दोन आकडे उलटे पडले की फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो, आणि इथे जातो, बरोबर २००. असा फरक दिसला की मी आधी उलटे लिहिलेले आकडे शोधतो. सगळी व्हाउचर्स काढून बसलं तर अर्ध्या तासाचं काम, तिला नऊ दिवस लागले. म्हणून माझा प्रश्न अचूकपणाच्या रकान्याबद्दल आहे: तिने त्या संध्याकाळीच शोधलं का नाही?

हिशोबाची_ताई: कारण महिनाअखेरच्या संध्याकाळी अर्धा तास मिळत नाही, दादा. मी हेच काम करते, हिंडलग्याला. पगारपत्रक, ड्रायव्हर दारात उभा, त्यात मालकांचा फोन. आणि मला विचारायचंय की तिने सांगितलं का नाही? याआधी कधी रोकड कमी आली तेव्हा काय झालं होतं? माझ्या पहिल्या नोकरीत ७० रुपये कमी आले म्हणून सगळ्यांसमोर माझी पिशवी तपासली होती. त्यानंतर सहा महिने मी पर्समध्ये सुट्टे पैसे वेगळे ठेवायची, फक्त पेटी जुळवायला. तेव्हा मी चोर नव्हते. घाबरलेली होते.

उद्यमबाग_वर्कशॉप: ताई, खरं सांगतो. दोन वर्षांपूर्वी २५० कमी आले होते तेव्हा मी ओरडलो होतो. पिशवी नाही तपासली, पण बाहेरच्या माणसांसमोर बोललो.

टिळकवाडी_ऑडिट: मग माझे ४ मी मागे घेतो. मात्र १० देत नाही. मुळात सचोटीला दहापैकी ७ म्हणजे काय, हे मला आजवर कळलेलं नाही. त्या रकान्यात गुणांऐवजी काय पाहिलं ते लिहा. रोज संध्याकाळी नोटांची फोड लिहिलेला कागद आहे का? ५०० च्या किती, १०० च्या किती, सुट्टे किती, खाली तिची आणि तुमची सही. ‘रोकड कमी-जास्त’ असं खातं उघडलंय का, आणि त्यात वर्षभरात काही पडलंय का? दोन-पाच रुपयांचा फरकही वर्षभरात नसेल तर मी खूश होत नाही. हाताने रोकड हाताळणाऱ्या माणसाच्या पेटीत तो कधीतरी येतोच. तो लपतोय कुठे, हे बघतो. वर्षातून एकदा तिला सलग आठ-दहा दिवस रजा द्या आणि पेटी दुसऱ्याकडे सोपवा. तेव्हा बऱ्याच गोष्टी वर येतात.

आणि तो टीडीएस. चलन तिने कधी तयार केलं होतं?

उद्यमबाग_वर्कशॉप: ५ तारखेला. बँकेची मंजुरी माझ्या मोबाइलवर येते. मी ५ ते ७ कोल्हापूरला होतो, राहून गेलं.

टिळकवाडी_ऑडिट: मग ते ६ तुमचे स्वतःचे गुण आहेत. एका दिवसाच्या उशिराला व्याज मात्र दोन महिन्यांचं लागतं, महिन्याला दीड टक्का, कापलेल्या महिन्यापासून. रक्कम किती होती?

उद्यमबाग_वर्कशॉप: १२,०००. व्याज ३६० भरलं. जॉबवर्कवाल्यांच्या बिलांतून कापलेला होता.

हिशोबाची_ताई: बघा की! कागद टेबलावर कधी आला आणि तिने कधी हातावेगळा केला, या दोन तारखा लिहिल्या तरच महिनाअखेरचे गुण खरे निघतील. आमच्याकडे विक्रीची बिलं स्टोअरमधून ४-५ तारखेला येतात आणि जीएसटीआर-१ च्या ११ तारखेवरून बोलणी मला.

निपाणीकर_कॅशियर: सगळं वाचलं. नोंद हवी होती, हे मान्य. तरी मी माझ्या मतावरून हटत नाही. तिने आपणहून सांगितलं नसतं तर तुम्हा कोणालाच कळलं नसतं. त्याचे गुण कुठल्या रकान्यात?

टिळकवाडी_ऑडिट: काका, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतोय. आपणहून सांगितलेली चूक आणि ऑडिटरने काढलेली चूक मी वेगवेगळी मोजतो. पण तिने सांगितलं ते पैसे परत घेतल्यावर, धोका टळल्यावर. ९ तारखेच्या आधी सांगितलं असतं तर मी तुमच्या बाजूला आलो असतो.

हिशोबाची_ताई: आधी सांगायला आधी भीती जावी लागते.

उद्यमबाग_वर्कशॉप: वेळेचे ६ खोडून ९ केले, शेजारी ‘मंजुरी माझ्याकडून उशिरा’ असं लिहून सही केली. अचूकपणाला ७, कारण आकडे उलटले पण चूक तिनेच पकडली. सचोटीचा रकाना अजून कोरा आहे. उद्या तिला समोर बसवून १,८०० आत आले आणि बाहेर गेले याची दोन व्हाउचर्स आजच्या तारखेने करतोय, खाली खुलासा, दोघांच्या सह्या. मागच्या तारखा घालणार नाही. आणि २५० रुपयांबद्दल मला तिच्याशी आधी बोलायचंय.