'नॉयर' नेमकं कशाला म्हणायचं?

ओसरी: आमच्या फिल्म क्लबात पुढच्या महिन्यात 'डबल इंडेम्निटी' (1944) दाखवणार आहोत. येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कृष्णधवल अमेरिकन सिनेमा पाहिलेला नाही, म्हणून हातात द्यायला एक परिच्छेद लिहितेय. मी लिहिलंय, 'अंधारात चित्रित केलेला गुन्हेगारीपट म्हणजे फिल्म नॉयर.' वाचताना ते पुरेसं वाटत नाही. हल्ली कुठलीही काळोखी वेब सिरीज आली की तिला नॉयर म्हणतात. मग या शब्दात काय काय यायला हवं? उच्चारही सांगा. नॉयर, नुआर, न्वार, तिन्ही वाचलेत.

शब्दवेल्हाळ: फ्रेंच उच्चार 'न्वार'च्या जवळ जातो. मराठीत 'नॉयर' रुळलाय, तोच ठेवा. अर्थ काळा. युद्ध संपल्यावर पॅरिसमध्ये अडलेले अमेरिकन चित्रपट एकदम लागले, तेव्हा नीनो फ्रँक या समीक्षकाने 1946 साली हा शब्द त्यांच्यासाठी वापरला. तुमचा 'डबल इंडेम्निटी' त्यांतलाच. त्याच्या आदल्याच वर्षी तिथे 'सेरी न्वार' नावाची गुन्हेकथांची पुस्तकमाला निघाली होती, त्यामुळे हा शब्द लोकांच्या कानावर होता. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की ज्यांनी हे चित्रपट बनवले ते स्वतः त्यांना नॉयर म्हणत नव्हते. हॉलिवूडमध्ये तेव्हा 'मेलोड्रामा' हाच शब्द चाले.

जुनीकपाटं: म्हणजे आपल्या बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांसारखं ना? लहानपणी झुंजारच्या गोष्टी वाचून रात्री दिवा मालवायची भीती वाटायची. खुनी कोण ते शेवटच्या पानापर्यंत कळायचं नाही!

कटरवाला: काका, इथे उलटं आहे. या चित्रपटात खुनी कोण हे पहिल्या काही मिनिटांतच कळतं, आणि तो स्वतःच सांगतो. वॉल्टर नेफ हा विमा एजंट रात्री जखमी अवस्थेत कचेरीत येतो, डिक्टाफोनसमोर बसतो आणि आपला वरिष्ठ सहकारी कीज याला उद्देशून बोलायला लागतो. तारीख सांगतो, 16 जुलै 1938. खून मी केला म्हणतो. पैशासाठी केला आणि एका बाईसाठी केला, पैसाही मिळाला नाही आणि बाईही नाही. तिथून पुढची जवळजवळ सगळी गोष्ट त्याच्या आवाजात, मागे जाऊन.

ओसरीताई, तुमच्या वाक्यात हा आवाज यायला हवा. काय झालं ते उरकून सांगायला निवेदन पुष्कळ चित्रपटांत असतं. नेफचं निवेदन वेगळं काम करतं. पडद्यावरचा नेफ त्या घरात पहिल्यांदा शिरतो तेव्हा खुशीत आहे, बाईशी चटपटीत बोलतोय. बोलणाऱ्या नेफला मात्र शेवट माहीत आहे. एकच माणूस, पण दोन वेळचा. तो हसत असताना आपल्याला त्याची धास्ती वाटते, ती या अंतरामुळे. शिवाय तो आपल्याशी बोलत नाहीये. विम्याचे खोटे दावे हुडकण्यात ज्याचा हातखंडा, ज्याने त्याला पकडायला हवं होतं पण जो फार जवळ होता, त्या कीजपुढे तो कबुली देतोय.

रविवारपुरवणी: दृश्यशैलीचं सांगायचं तर ती सरळ जर्मनीतून आली. हिटलरमुळे पळालेले दिग्दर्शक आणि कॅमेरामन हॉलिवूडला गेले आणि जर्मन अभिव्यक्तिवाद घेऊन गेले. दुसरं कारण पैसा. स्वस्तातले चित्रपट, सेट धड नाहीत, म्हणून अंधारात झाकायचे. आणि कृष्णधवल नसेल तर तो नॉयर नाही.

कटरवाला: पहिलं अर्धं खरं आहे. या चित्रपटाचा दिग्दर्शक बिली वाइल्डर बर्लिनमध्ये पटकथा लिहायचा आणि 1933 मध्ये तिथून निघाला. पण या चित्रपटाचा कॅमेरा जॉन साइट्झचा, आणि तो शिकागोत जन्मलेला, मूकपटांच्या काळापासून हॉलिवूडमध्ये मुरलेला माणूस. प्रकाश त्याने ठरवला. त्यामुळे सगळं श्रेय बर्लिनला देता येणार नाही. पैशाचं कारण छोट्या कंपन्यांच्या चित्रपटांना बरंच लागू पडतं. हा पॅरामाउंटचा, मोठ्या नटांचा चित्रपट होता आणि त्याला ऑस्करची 7 नामांकनं होती. इथला अंधार काटकसरीचा नाही.

आता 'अंधारात चित्रित केलेला' या शब्दांबद्दल. मी मुंबईत लाइटच्या कामात आहे, म्हणून सवयीने सांगतो. नॉयरमध्ये प्रकाश कमी नसतो, तो एका बाजूने येतो आणि दुसऱ्या बाजूने त्याला उत्तर मिळत नाही. नेहमीच्या पद्धतीत चेहऱ्यावर एक मुख्य दिवा असतो. त्याने पडलेली सावली हलकी करायला दुसऱ्या बाजूने फिल देतात आणि मागून केसांवर, खांद्यावर थोडा उजेड. सावलीच्या बाजूला मुख्य बाजूच्या निम्मा उजेड असला तर चेहरा गोड, उघडा दिसतो. फिल काढत काढत तो आठव्या हिश्श्यावर आणला, म्हणजे दर स्टॉपला उजेड निम्मा असा तीन स्टॉपचा फरक केला, की अर्धा चेहरा काळोखात जातो. उजळ बाजू मात्र तेवढीच उजळ राहते. तिला हात लावायचा नाही.

म्हणून सुरुवात या चित्रपटातल्या भर दुपारच्या दृश्यापासून करा. नेफ डीट्रिचसनच्या घरी पहिल्यांदा जातो. बाहेर कॅलिफोर्नियाचं लख्ख ऊन आहे. दिवाणखाना बंद, व्हेनिशियन ब्लाइंड्सच्या फटींतून उन्हाचे पट्टे आत येतात आणि निवेदनात नेफ सांगतो की त्या उन्हात हवेतली धूळ दिसत होती. ती धूळ कॅमेऱ्यात दिसावी म्हणून साइट्झने अ‍ॅल्युमिनियमची बारीक पूड हवेत सोडली होती. साधी धूळ फिल्मवर उमटली नसती. कोंदट, न झाडलेलं घर, आणि त्यात नेफच्या अंगावर गजांसारखे आडवे पट्टे, अजून त्याने काहीही केलेलं नसताना. याच खोलीत शेवटी ती बाई, म्हणजे डीट्रिचसनची बायको फिलिस, दिवे मालवून, पिस्तूल जवळ ठेवून त्याची वाट पाहत बसते. खोली तीच, पट्टे तेच, आता चांदण्याचे. दोन्ही दृश्यं लागोपाठ दाखवलीत तर लोकांना तुमचा परिच्छेद वाचायचीही गरज पडणार नाही.

उंबरठा_फोटो: वाचता वाचता माझंच काम आठवलं. मी लग्नाचे फोटो काढतो. एका जोडप्याला प्री-वेडिंगमध्ये 'नॉयर लुक' हवा होता. फ्लॅटमध्ये ब्लाइंड्स लावले, मागे मोठा सॉफ्टबॉक्स, एक्स्पोजर दोन स्टॉप खाली. सगळं राखाडी, चिखलासारखं आलं, आणि पट्टे म्हणावेत तर भिंतीवर नुसते पुसट डाग. काय चुकत असेल?

कटरवाला: भिंती पांढऱ्या होत्या का?

उंबरठा_फोटो: हो, छतसुद्धा.

कटरवाला: मग फिल तुमच्या भिंतींनीच दिला. पांढरी भिंत म्हणजे उजेड परतवणारा खोलीएवढा थर्माकोल. सावलीच्या बाजूला, फ्रेमच्या अगदी कडेपर्यंत काळं कापड उभं करा, चेहरा लगेच दोन भागांत तुटेल. पट्ट्यांसाठी सॉफ्टबॉक्स चालणार नाही. दिवा लहान आणि कडक हवा, 'बेबी' म्हणतात तो छोटा दिवा किंवा उघडा फ्लॅश, आणि तो ब्लाइंड्सपासून लांब. ब्लाइंड्स माणसाच्या जितके जवळ, तितकी पट्ट्याची कड धारदार. एक्स्पोजर उजळ बाजूला लावा. फोटोत कुठेतरी खरा पांढरा आणि कुठेतरी खरा काळा दिसायला हवा. दोन्ही नसतील तर तो नुसता कमी उजेडातला फोटो.

ओसरी: प्रकाशाचं कळलं. आता नायकाचं सांगा. मी 'खलनायकच नायक' असं लिहू का?

शब्दवेल्हाळ: नको. नेफ खलनायक असता तर त्याच्यापासून लांब राहणं सोपं होतं. कट पाहा. नवऱ्याच्या नकळत त्याच्या सहीने अपघात विमा काढायचा, मग तो आगगाडीतून पडून मेल्याचं भासवायचं, कारण तसल्या अपघाताला दुप्पट भरपाई. नाव तिथूनच आलंय. (आपल्याकडच्या पॉलिसीत 'डबल अ‍ॅक्सिडेंट बेनिफिट' असतो, तो वाचून लोकांना चटकन कळेल.) खून होतो, प्रेत रुळावर ठेवून दोघं गाडीत बसतात आणि गाडी सुरूच होत नाही. फिलिस पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. शेवटी नेफ हात पुढे करून सावकाश किल्ली फिरवतो आणि इंजिन लागतं. त्या क्षणी आपण सुटकेचा श्वास टाकतो. एका माणसाला नुकतंच मारलंय हे माहीत असून आपल्याला ती गाडी सुरू व्हायला हवी असते. नायक धड चांगला नाही, धड वाईट नाही, हे आपल्याला ऐकून कळत नाही, आपल्याच मनात घडतं.

रविवारपुरवणी: पण शेवटी शिक्षा होतेच ना? म्हणजे नीती स्पष्टच झाली.

शब्दवेल्हाळ: तेव्हाच्या हॉलिवूडला प्रॉडक्शन कोड होता, 1934 पासून कडक पाळला जात होता. गुन्हेगार सुटलेला दाखवता येत नसे. त्यामुळे शिक्षा गृहीत धरा. वाइल्डरने नेफला गॅस चेंबरमध्ये देहदंड होतो असं दृश्य चित्रितही केलं होतं, मग ते काढून टाकलं. चित्रपट आता कचेरीच्या दारात, कीज आणि जखमी नेफ यांच्यापाशी संपतो. शिक्षा कायद्याची राहिली असती, ती दोन माणसांमधली झाली. मला तो निर्णय फार मोठा वाटतो.

रविवारपुरवणी: मान्य. रंगाबद्दल मात्र मी ठाम आहे.

कटरवाला: 1945 चा 'लीव्ह हर टू हेवन' टेक्निकलर आहे, रंगीत छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालेला, आणि पुष्कळ जाणकार त्याला नॉयर म्हणतात. एक बाई उन्हात नावेत बसून एका मुलाला बुडताना पाहत राहते. ते दृश्य पाहून सांगा.

रविवारपुरवणी: पाहिलंय. दृश्य भयंकर आहे, पण सावल्या कुठायत? तुम्हीच सांगताय की ऊन आहे. मग त्यात नॉयर ते काय उरलं? मनोवृत्ती?

शब्दवेल्हाळ: त्याच प्रश्नावर अभ्यासकही भांडतात. काही म्हणतात हा चित्रपटांचा प्रकार, काही म्हणतात नुसती शैली. ज्या यादीत आवाज आणि सावल्या दोन्ही सक्तीच्या, तिच्यातून 1941 चा 'माल्टीज फाल्कन' बाहेर पडतो, कारण त्यात नायकाचं निवेदनच नाही. आणि त्याला नॉयर न म्हणणारा मला अजून भेटायचाय.

जुनीकपाटं: आपला 'बाजी' (1951)? जुगारी देव आनंद, क्लब, धूर, रात्रीची मुंबई!

शब्दवेल्हाळ: नॉयरची सावली त्यावर नक्की आहे, काका. पण मदन वाईट मार्गाला लागतो तो बहिणीच्या आजारपणामुळे आणि खुनाच्या आरोपातून सुटतो. त्याच्या बाजूने उभं राहताना आपल्याला अवघड वाटत नाही. मी 'नॉयरच्या वळणाचा' म्हणेन. इतरांचं मत वेगळं असू शकतं.

ओसरी: परिच्छेद बदलला. 'एका बाजूने येणारा कडक प्रकाश आणि न भरलेल्या सावल्या, शेवट माहीत असलेल्या माणसाचं निवेदन, आणि गुन्हा करूनही ज्याची काळजी वाटते असा नायक. तिन्ही एकत्र असलेला हा चित्रपट आहे. प्रत्येक नॉयरमध्ये तिन्ही असतीलच असं नाही.' चालेल?

कटरवाला: चालेल. 'कडक' ठेवा, कोणी 'मंद' करू देऊ नका. आणि दाखवताना प्रोजेक्टरजवळच्या खिडक्यांना काळे पडदे लावा. हॉलमध्ये उजेड आला की पडद्यावरचा काळा राखाडी होतो आणि साइट्झची मेहनत वाया जाते.

उंबरठा_फोटो: काळं कापड लावून भाच्यावर करून पाहिलं. चेहरा अर्धा गेला, मस्त. पट्टे अजून थोडे जाड येतायत.

कटरवाला: पट्ट्या अजून मिटा, फटी बारीक करा. आणि दिवा थोडा वर घ्या, पट्टे डोळ्यांवरून जायला हवेत.