मदत हवी आहे: बाबा मॉर्फिन-मिडॅझोलॅमच्या पंपावर आहेत, दिवसभर झोपेत. औषधामुळे का?

सायली_म
बाबा ७४ वर्षांचे. फुप्फुसाचा कॅन्सर, यकृतात पसरलाय. महिनाभर मॉर्फिनची १० मिग्रॅची गोळी दर चार तासांनी चालू होती, म्हणजे दिवसाला ६०. गेल्या आठवड्यात गिळणं बंद झालं. रात्री उठून बसायचे, चादर ओढायचे, "गाडी सुटेल" म्हणायचे. सोमवारी घरी येणाऱ्या पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांनी छातीवर कातडीखाली बारीक सुई बसवून छोटा पंप लावला. २४ तासांत ३० मिग्रॅ मॉर्फिन आणि १० मिग्रॅ मिडॅझोलॅम जातं. तडफड थांबली, पण आता जवळजवळ झोपूनच असतात. हाक मारली की भुवया हलतात, कधी डोळे उघडतात, इतकंच. काका सगळ्यांसमोर म्हणाले, "गुंगीचं देऊन संपवताय तुम्ही त्याला." दादा शुक्रवारी मस्कतहून येतोय. त्याच्याशी बोलतील का हो?

रानवारा
मॉर्फिनने श्वास मंदावतो, हे खरं आहे. थोडा वेळ पंप बंद करून बघा, शुद्धीवर आले तर कळेलच.

घरभेट_सिस्टर
सायली, पंप स्वतःहून बंद करू नका. दुखणं परत येईलच, शिवाय महिनाभराचं मॉर्फिन एकदम तुटल्याचा त्रास वेगळा.

काकांना एक हिशोब सांगा. तोंडाने घेतलेलं मॉर्फिन यकृतातून जाताना बरंच वाया जातं. कातडीखाली दिलं की साधारण निम्म्यातच तेवढं काम होतं. म्हणजे ६० च्या गोळ्या आणि पंपातले ३० जवळपास सारखेच. मॉर्फिन वाढवलेलंच नाही. नवीन आहे ते मिडॅझोलॅम. त्याने झोप येते, आणि तडफडीसाठी ते त्याकरताच दिलंय. पण १० मिग्रॅ दिवसभरात म्हणजे तासाला अर्धासुद्धा नाही. एवढ्यावर माणूस इतका झोपत असेल, तर त्यातली बरीचशी झोप आजाराची असते. पंप लागायच्या आधीचे दोन-तीन दिवस आठवून बघा, तेव्हा दिवसा किती जागे होते?

पिंपळपार
माझ्या सासऱ्यांना एंडोस्कोपीला हेच मिडॅझोलॅम दिलं होतं. तासाभराने चहा मागत होते! मग तुमच्या बाबांना इतके दिवस झोप कशी? डोस चुकला असणार.

घरभेट_सिस्टर
पिंपळपार, तिथे एकदाच टोचतात आणि माणूस धडधाकट असतो. इथे ते चोवीस तास थेंबथेंब जातंय, यकृतही थकलंय.

निशिगंधा७
आमच्या आईला मॉर्फिनवर हातापायांना झटके यायला लागले, झोपेत दचकल्यासारखे. आम्हाला वाटलं फिट. लघवी अगदी कमी झाली होती. मूत्रपिंडं थकली की मॉर्फिनचे अंश अंगात साठतात, असं डॉक्टर म्हणाले. फेंटानिलवर आणल्यावर झटके गेले.

घरभेट_सिस्टर
अगदी. सायली, हेच बघायचं. झटके, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आधी हाकेला हलणारा माणूस आता अजिबात न हलणं, आणि श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी. असं दिसलं तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन. श्वास पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजा. मध्येच थांबून पुन्हा जोरात सुरू होणं हे शेवटच्या दिवसांत औषधाशिवायही होतं. घशात घरघर होईल, ती ऐकणाऱ्याला जास्त छळते.

आणि परत चुळबुळ सुरू झाली तर आधी बेंबीखाली हात ठेवून बघा. मूत्राशय तुंबून टणक लागलं तर डॉक्टरांना सांगा. त्याला नळी लागते, जादा मिडॅझोलॅम नाही.

दादाबद्दल: शुक्रवारी सकाळी मिडॅझोलॅम थोडं उतरवता येईल का, हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. काही जण तसं करतात. उठतीलच असं मात्र धरू नका.

माळरान
आम्ही उतरवलं होतं. वडील जागे झाले नाहीत, कण्हायला लागले. दोन तासांनी डोस परत पूर्ववत केला. मी तरी नका म्हणेन.

निशिगंधा७
आमची आई मात्र दहा मिनिटं बोलली. कुणाचं काय होईल सांगता येत नाही.

सायली_म
आत्ता मोजले. मिनिटाला १४, मध्ये एकदा वीसेक सेकंद थांबले, मी हातच धरून बसले होते. झटके नाहीत.

आई औषधांच्या वेळा वहीत लिहिते, ती काढली. शनिवार: "दुपारचा चहा नाही, झोपलेत." रविवार: "दिवसभर झोप. रात्री २ ते ५ जागे, गाडी गाडी." पंप तर सोमवारी लागला. वही काकांसमोर ठेवली. त्यांनी चाळली, काही बोलले नाहीत, बाबांचे पाय चेपत बसले.

शुक्रवारचं अजून ठरत नाहीये. आई म्हणते झोपू दे. दादा फोनवर म्हणतो, एकदा तरी ओळखलं पाहिजे. उद्या डॉक्टर येणार आहेत, दोघांचं म्हणणं त्यांच्यासमोर ठेवते.